घरपट्टीच्या नोटिशीतले ७४.३२ चौरस मीटर आले कुठून?

*ताई नमस्कार, मी मानपाड्याला राहतो. २०१९ मध्ये रिसेलमध्ये वन बीएचके घेतला. घरपट्टी दरवर्षी ऑनलाइन भरतो, ५,५०० येते, एकही वर्ष चुकवलं नाही. गेल्या वर्षी बिलावर माझं नाव चढवायला अर्ज दिला होता. आता जूनमध्ये नोटीस आली, थकबाकी ७,५०० आणि त्यावर व्याज २,२५०, शिवाय यंदाचं बिल थेट ८,००० चं. क्षेत्रफळ ७४.३२ चौ. मी. लिहिलंय, माझ्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये ५५० स्क्वेअर फूट कार्पेट आहे. प्रभाग समितीत काउंटरवर म्हणाले आधी भरा मग बघू. भरून टाकू का? बिलात पाण्याचे पण पैसे दिसतायत, ते यातच का? जुनं-नवं दोन्ही बिलांचे फोटो जोडलेत.*
*— एक वाचक, मानपाडा, ठाणे*

नमस्कार. सगळं लगेच भरू नका, पण काहीच न भरता बसूही नका. यंदाच्या बिलातला जो भाग तुम्हाला मान्य आहे तो भरायचा आणि बाकीच्यावर लेखी हरकत घ्यायची, आणि ती व्याजावर नाही तर क्षेत्रफळावर घ्यायची. बहुतेक लोक काउंटरवर जाऊन व्याज माफ करा म्हणतात, तिथला माणूस म्हणतो सिस्टीमने लावलंय, आणि विषय तिथेच संपतो. तुमचं व्याज थकबाकीतून आलंय, थकबाकी वाढलेल्या करयोग्य मूल्यातून आलीय आणि ते मूल्य वाढलंय चौरस मीटरच्या एका आकड्यामुळे. तो आकडा दुरुस्त झाला की वरचं सगळं आपोआप खाली येतं, आणि तो तसाच राहिला तर यंदा व्याज माफ करून घेतलंत तरी पुढच्या एप्रिलला परत ८,००० चं बिल येणारच.

फोटो नीट पाहिले. जुन्या बिलावर करयोग्य मूल्य ८,९१० आहे आणि नव्यावर १२,९६०. हे कसं काढतात ते आधी सांगते म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्याकडे भाड्यावर आधारित पद्धत आहे, म्हणजे ही जागा महिन्याला किती भाड्याने जाईल असा एक दर पालिका धरते, त्याला क्षेत्रफळाने गुणते, मग १२ महिन्यांनी गुणते आणि त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करते. जे उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्याच्यावर टक्केवारीने सगळे कर बसतात, सामान्य कर, पाण्याचा, मलनिःसारणाचा, शिक्षण कर वगैरे. तुमच्या जुन्या बिलात ५५० फूट गुणिले दीड रुपया गुणिले १२ म्हणजे ९,९००, त्यातून १० टक्के गेले की बरोबर ८,९१०. नव्या बिलात ८०० गुणिले तोच दीड रुपया गुणिले १२ म्हणजे १४,४००, त्यातून १० टक्के गेले की १२,९६०. म्हणजे दर बदललेला नाही, वापर बदललेला नाही, फक्त ५५० चे ८०० झालेत.

हा हिशोब कुणालाही करता येतो आणि ऑफिसला जायच्या आधी तो करावाच, कारण त्यावरून कुठल्या मुद्द्यावर बोलायचं ते ठरतं. नवं करयोग्य मूल्य भागिले जुनं, आणि नवं क्षेत्रफळ भागिले जुनं. तुमच्याकडे १२,९६० भागिले ८,९१० म्हणजे १.४५, आणि ७४.३२ भागिले ५१.१० म्हणजे पण १.४५ (५५० फूट म्हणजे ५१.१० चौ. मी., एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट). दोन्ही आकडे सारखे आले की भांडण फक्त क्षेत्रफळाचं. मूल्य क्षेत्रफळापेक्षा जास्त पटीने वाढलं असतं तर मी म्हटलं असतं की दर किंवा वापर बदललाय, कुणीतरी तुमचं घर कमर्शियल करून टाकलंय. ते ओळखायची अजून एक खूण म्हणजे बिलात रोजगार हमी कराच्या रकान्यात रक्कम येते, कारण तो कर बिगरनिवासी जागेवर लागतो. तुमच्या बिलात तो रकाना रिकामा आहे, त्यामुळे ती भानगड नाही.

आता ८०० कुठून आले. माझा अंदाज अगदी ठाम आहे, हा तुमच्या फ्लॅटचा सेलेबल एरिया आहे, ज्याला बिल्डर सुपर बिल्टअप म्हणायचे. घोडबंदर रोड पट्ट्यातल्या रेरा येण्याआधीच्या बिल्डिंगमध्ये कार्पेटवर ४०-४५ टक्के लोडिंग टाकून विकायची पद्धत होती, ५५० कार्पेट आणि ८०० सेलेबल हे त्याच हिशोबात बसतं. ह्या ८०० मध्ये जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाऊस यांचा वाटा असतो, तुमच्या दाराच्या आतली ती जागा नाही. आणि हा आकडा टॅक्स डिपार्टमेंटपर्यंत पोचायच्या वाटा ठरलेल्या आहेत. एक, तुम्ही नाव चढवायला जे कागद दिलेत त्यात २०१९ चं अ‍ॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू असणार, त्यात कुठेतरी ८०० लिहिलेलं असेल तर क्लार्कने तेच उचललं. दोन, सोसायटीने दिलेली सभासदांची यादी, कारण बऱ्याच सोसायट्या मेंटेनन्स सेलेबल एरियावर लावतात आणि कुणी क्षेत्रफळाची यादी मागितली की तीच यादी देऊन मोकळ्या होतात. तुमच्या मेंटेनन्सच्या बिलावर ८०० आहे का बघा. असेल तर सेक्रेटरींना विचारा की प्रभागात कुठली यादी दिली होती, कारण मग हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही, अख्ख्या बिल्डिंगला हळूहळू अशाच नोटिशी येतील आणि अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर गेलेला जास्त बरा.

इंडेक्स टू घरात सापडत नसेल तर नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in वर ई-सर्चमध्ये दस्त शोधून बघता येतो. त्यात क्षेत्रफळाचा रकाना असतो आणि तिथे तिसराच आकडा दिसला तर घाबरू नका, कारण मुद्रांक शुल्कासाठी जुन्या कार्पेटला १.२ ने गुणून बिल्टअप धरायचे, म्हणजे तुमच्या बाबतीत ६६० फूट, ६१.३२ चौ. मी. तर एकाच घराचे तीन आकडे होतात, ५१.१०, ६१.३२ आणि ७४.३२, आणि तिन्ही कुठल्या ना कुठल्या कागदावर खरे आहेत. ऑफिसमध्ये गोंधळ होतो तो इथेच. तुम्ही म्हणता माझा एरिया ५५०, समोरचा इंडेक्स टू उघडून म्हणतो इथे तर ६६० आहे, तुम्हीच चुकीचं सांगताय.

याच्यावर सगळ्यात भक्कम उत्तर तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये नाही, शेजाऱ्याच्या बिलात आहे. तुमच्या वरचा आणि खालचा फ्लॅट, त्याच ओळीतला, सेम प्लॅन, त्यांच्याकडून त्यांची बिलं मागून घ्या. पालिका त्या बिल्डिंगला ज्या क्षेत्रफळावर आकारणी करते तेच तुम्हाला लागू व्हायला पाहिजे, एकाला कार्पेट आणि दुसऱ्याला सेलेबल असं करता येत नाही. तुमच्या स्वतःच्या बिलाचा इतिहास ५१.१० सांगतो, आणि शेजाऱ्यांच्या दोन-तीन बिलांवर पण ५१.१० असेल तर केस जवळजवळ संपली. त्यांच्या बिलावर पण ७४.३२ आलं असेल तर सोसायटीच्या यादीचा संशय खरा धरा. बिल मागताना लोक लाजतात, उगाच, यात लपवण्यासारखं काही नसतं आणि मालमत्ता क्रमांक माहीत असेल तर बिल ऑनलाइन पण दिसतं.

आता एक गोष्ट ऑफिसला जायच्या आधी घरात बघा आणि स्वतःशी खरं बोला. बाल्कनी आत घेतलीय का, फ्लॉवर बेडवर लादी टाकून हॉल वाढवलाय का, टेरेस असेल तर त्याला पत्रा किंवा स्लायडिंग लावलंय का. कारण तुम्ही हरकत घेतली की कर निरीक्षक जागेवर मोजायला येऊ शकतो, आणि त्याने मोजलं तर जे बंद केलंय ते धरलं जाणार. त्यात त्याचं काही चुकत नाही. आत घेतलेल्या बाल्कनीने ५५० चे ८०० होत नाहीत, फार तर ५९०-६०० होतील, तरी मग अर्जात ५५० वर अडून बसण्यात अर्थ नाही. मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली अनधिकृत बांधकामाची शास्ती म्हणजे दंडपण लागू शकतो आणि तो मूळ कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून हे आधी तपासा. तुमच्या नोटिशीत अनधिकृत बांधकामाच्या शास्तीचा रकाना नाहीये, हे चांगलं आहे. एक टेप घ्या, प्रत्येक खोली भिंतीच्या आतून आतून मोजा, कागदावर साधं स्केच काढून मापं लिहा, संडास-बाथरूम आणि पॅसेज विसरू नका. बेरीज ५४०-५५५ च्या दरम्यान आली तर निर्धास्त जा.

मग प्रभाग समितीत. तुमचं ऑफिस माजिवडा-मानपाडा. पहिल्याच भेटीत काउंटरवर वाद घालू नका, तिथे बसलेल्या माणसाला क्षेत्रफळ बदलायचा अधिकारच नसतो, म्हणूनच तो आधी भरा म्हणतो. कर विभागात जाऊन आपल्या मालमत्ता क्रमांकाचा कर आकारणीचा उतारा मागा, लोक त्याला असेसमेंट उतारा म्हणतात, फी भरून मिळतो. त्यावर तीन गोष्टी बघायच्या. क्षेत्रफळ कोणत्या तारखेपासून बदललंय, कशाच्या आधारावर बदललंय, आणि वाढीव आकारणीची विशेष नोटीस तुम्हाला बजावलीय का.

ह्या तिसऱ्या गोष्टीवर जरा थांबते कारण तुमची खरी ताकद इथे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूची ड मध्ये कराधान नियम आहेत. त्यातला नियम १५ सांगतो की एखाद्या मालमत्तेचं करयोग्य मूल्य पहिल्यांदा लावलं किंवा वाढवलं तर मालकाला विशेष नोटीस द्यायची आणि हरकत घ्यायला मुदत द्यायची. हरकत आली की सुनावणी घ्यायची आणि मग आकडा पक्का करायचा. आता तुम्ही सांगताय की नाव चढवायला अर्ज दिला आणि मग एकदम थकबाकीची नोटीस आली. मधली विशेष नोटीस कुठे गेली? ती निघालीच नसेल किंवा निघून आधीच्या मालकाच्या नावाने, बिल्डरच्या पत्त्यावर गेली असेल. अर्जात स्पष्ट लिहा की विशेष नोटिशीची प्रत आणि ती बजावल्याची पोच मला द्या. ती नाही म्हणाले तर तुम्हाला हरकतीची संधी न देता मूल्य वाढवलं हा पहिला मुद्दा तयार झाला. आणि समजा घरात कुठल्या ड्रॉवरमध्ये ती नोटीस खरंच सापडली, तर तिच्यावरची तारीख आणि मुदत आधी बघा, मुदत शिल्लक असेल तर बाकी सगळं सोडून त्याच दिवशी हरकत द्या.

दुसरा मुद्दा मागच्या वर्षांचा. तुम्हाला २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ अशा तीन वर्षांचा फरक लावलाय, दरवर्षी ८,००० वजा ५,५०० म्हणजे २,५०० आणि तीन वर्षांचे ७,५००. पण तुमची मालमत्ता पालिकेच्या पुस्तकात आधीपासून होती, तिचं बिल निघत होतं आणि तुम्ही ते पूर्ण भरत होतात. त्याच कराधान नियमांतला नियम २० म्हणतो की आकारणीच्या पुस्तकात वर्षाच्या मधे दुरुस्ती केली तर ती लागू होते चालू वर्षातल्या त्या दिवसापासून जेव्हा दुरुस्तीचं कारण अस्तित्वात होतं. चालू वर्ष, बरं का. मागची बंद झालेली पुस्तकं उघडून तीन वर्षांचा फरक काढायला हा नियम जागा देत नाही. म्हणजे उद्या सुनावणीत समजा क्षेत्रफळ वाढीव असल्याचं ठरलंच, तरी ते यंदापासून लागायला हवं हा तुमचा वेगळा मुद्दा शिल्लक राहतो. दोन्ही मुद्दे अर्जात वेगवेगळे लिहा, एकात एक मिसळू नका. हाच नियम उलट्या बाजूनेही चालतो हे पण सांगायला हवं. कुणी दहा वर्षं जास्त एरियावर गुपचूप बिल भरत आलं असेल आणि आज अर्ज केला, तर दुरुस्ती यंदापासून मिळते आणि मागचे पैसे परत मिळणं फार कठीण जातं. म्हणून बिल कमी आहे की जास्त याच्याकडे न बघता क्षेत्रफळाचा रकाना प्रत्येकाने एकदा तरी वाचावा.

तिसरं व्याज. बिलावर व्याज लिहिलेलं असलं तरी नियमात त्याला शास्ती म्हटलंय आणि दर आहे महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के, बँकेच्या होमलोनपेक्षा कितीतरी जास्त. तुमचे २,२५० कसे आले ते मी जुळवून बघितलं. २,५०० वर २ टक्के म्हणजे महिन्याला ५० रुपये. २०२२-२३ च्या फरकावर एप्रिल २०२३ ते जून २०२५ असे २७ महिने, १,३५०. २०२३-२४ च्या फरकावर १५ महिने, ७५०. २०२४-२५ च्या फरकावर ३ महिने, १५०. बेरीज २,२५०. म्हणजे दंडावर दंड लावलेला नाही, गणित बरोबर आहे, पण त्याचा पाया चुकीचा आहे. बिल दिलं आणि मुदतीत भरलं नाही तर शास्ती सुरू होते. हा फरक तुम्हाला पहिल्यांदा मागितलाच आत्ता जूनमध्ये, मग एप्रिल २०२३ पासून तुम्ही उशीर केला असं कसं म्हणता येईल? अर्जात हे एकच वाक्य पुरे, की फरकाचं बिल यापूर्वी कधीही बजावलेलं नाही त्यामुळे मागील कालावधीची शास्ती लागू होत नाही.

अर्ज सहायक आयुक्तांच्या नावाने करा आणि एक प्रत मुख्यालयातल्या कर निर्धारक व संकलक यांना द्या. भाषा साधी ठेवा, पानभर कहाणी लिहिली की वाचलं जात नाही. साधारण असं लिहा:

"माझ्या वरील मालमत्तेचे क्षेत्रफळ २०२४-२५ पर्यंतच्या बिलांमध्ये ५१.१० चौ. मी. होते. सध्याच्या बिलात ते ७४.३२ चौ. मी. दाखवले आहे. सदनिकेत कोणतेही वाढीव बांधकाम केलेले नाही. ७४.३२ हा विक्रीयोग्य क्षेत्राचा आकडा असून त्यात सामाईक जागा धरलेली आहे. त्याच इमारतीतील समान आराखड्याच्या सदनिकांची आकारणी ५१.१० चौ. मी. वर आहे, बिले सोबत जोडली आहेत. क्षेत्रफळ व करयोग्य मूल्य पूर्ववत करावे, मागील तीन वर्षांची फरकाची मागणी व त्यावरील शास्ती रद्द करावी, तसेच जागेची पाहणी करून मला सुनावणीची संधी द्यावी."

सोबत अ‍ॅग्रीमेंटचं ते पान जिथे कार्पेट लिहिलंय, इंडेक्स टू, मागच्या तीन वर्षांच्या पावत्या, शेजाऱ्यांची बिलं, तुमचं मापाचं स्केच, आणि सोसायटीकडे मंजूर नकाशा असेल तर तुमच्या मजल्याचं पान. नकाशा सोसायटीत नसतो बऱ्याचदा, तेव्हा शहर विकास विभागातून भोगवटा प्रमाणपत्रासोबतच्या नकाशाची प्रत मागता येते, पण त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका, तो नंतर जोडता येतो. शेजाऱ्यांच्या बिलांवर ५१.१० निघालं नाही तर अर्थातच ते वाक्य काढायचं. दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. साहेब नाहीत, ठेवून जा म्हणाले तर आवक-जावक विभागात द्या, तिथे शिक्का मिळतो. पुनःकर आकारणी आणि आक्षेप नोंदवणं या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात, तेव्हा किती दिवसांत निकाल लागणार ते पोचवर लिहून मागा, आणि ती तारीख उलटली की पहिलं अपील त्याच अर्जाच्या नंबरावर करा.

आता पैशाचं. यंदाचे ५,५०० तुम्हाला मान्यच आहेत, ते भरायचे. पण ऑनलाइन भरू नका, निदान यावेळी तरी नाही. सिस्टीम पैसे आले की आधी जुन्या थकबाकीत वळते करते, तुम्ही यंदाचे म्हणून ५,५०० भराल आणि ते मागच्या फरकात आणि व्याजात जिरून जातील, यंदाचं बिल तसंच उभं राहील आणि त्याच्यावरही २ टक्के चालू होतील. चेक घ्या, सोबत चार ओळींचं पत्र द्या की ही रक्कम २०२५-२६ च्या मान्य कराची आहे आणि उरलेल्या मागणीवर अमुक आवक नंबरची हरकत प्रलंबित आहे. पावती हातात आली की तिथेच उभं राहून कुठल्या वर्षाला रक्कम लागली ते वाचा. घरी येऊन लक्षात आलं तर ते बदलून घेणं हे वेगळंच काम होऊन बसतं. बिल सहामाही असतं, एप्रिल आणि ऑक्टोबर, त्यामुळे एकदम जमत नसेल तर २,७५० पहिल्या सहामाहीचे भरले तरी चालतात, पण वर्षाच्या सुरुवातीला पूर्ण भरलं तर सामान्य करात सूट मिळते, तिची तारीख बिलावर असते ती बघून ठरवा.

मागच्या फरकाच्या ७,५०० चं काय, हा निर्णय तुमचा, मी फक्त हिशोब सांगते. हरकत हरलात तर त्याच्यावर महिन्याला १५० रुपये वाढत राहणार. निकालाला सहा महिने लागले तर ९००. तुमची बाजू मला इतकी मजबूत वाटते की मी स्वतः हे थांबवून धरले असते. ज्यांना डोक्यावर टांगती तलवार नको असते त्यांनी 'हरकत राखून' असं पत्रात लिहून भरावेत, तसं लिहून भरलं की मान्य केलं असं होत नाही, आणि निकाल बाजूने लागला की पुढच्या बिलात वळते करून मागायचे. पण विशेष नोटीस खरोखर बजावलेली निघाली आणि तुम्ही मुदत चुकवलेली असेल, तर मात्र थांबवून धरू नका, हरकत राखून भरा आणि मग भांडा. अभय योजना येईल तेव्हा बघू असं पण काही जण म्हणतात. अभय योजनेत शास्ती माफ होते, मूळ कर नाही, आणि त्यासाठी सगळी मूळ थकबाकी एकरकमी भरायला लावतात, म्हणजे जे ७,५०० मुळात तुमच्याकडे निघतच नाहीत ते तुम्ही आनंदाने भरून बसाल आणि क्षेत्रफळ ७४.३२ च राहील.

सुनावणीला जाल तेव्हा मूळ कागद न्या आणि बोलणं थोडकं ठेवा, १.४५ चा तो हिशोब एका कागदावर लिहून पुढे ठेवा, अधिकाऱ्याला एका नजरेत कळतं. निर्णय तोंडी सांगितला तर लेखी आदेश मागा. विरोधात गेला तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे, पण त्याची मुदत फक्त १५ दिवस आहे आणि वादातली कराची रक्कम आधी पालिकेकडे जमा करावी लागते. १२ हजारांच्या आसपासच्या रकमेसाठी एकट्याने कोर्टात जायला मी सांगणार नाही, वकिलाची फीच त्यापेक्षा जास्त होईल. पण बिल्डिंगमधल्या सगळ्यांना अशीच नोटीस आली असेल तर गणित बदलतं, मग सोसायटीने मिळून वकील लावावा.

पाण्याचं थोडक्यात. घरपट्टीच्या बिलात जो पाण्याचा कर दिसतो तो करयोग्य मूल्यावर बसतो, नळातून किती पाणी आलं याच्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे क्षेत्रफळ दुरुस्त झालं की तो पण आपोआप कमी होईल, त्यासाठी वेगळा अर्ज नको. प्रत्यक्ष वापराची पाणीपट्टी सोसायटीच्या कनेक्शनवर वेगळ्या बिलाने येते आणि तिचा विभागही वेगळा, पाणीपुरवठा. त्या बिलात थकबाकी असेल तर मीटरचं मागचं-पुढचं रीडिंग घेऊन सेक्रेटरींनी तिकडे जायचं. घरपट्टीच्या अर्जात पाणीबिलाचा विषय घातला तर अर्ज दोन टेबलांमध्ये फिरत राहतो.

आणि आदेश बाजूने लागला की काम झालं असं समजू नका, आदेश फाईलमध्ये राहतो आणि सिस्टीममध्ये आकडा जुनाच राहतो असं खूप होतं. आदेशाची प्रत घेऊन कर विभागात तुमच्यासमोर नोंद करून घ्या, मग नवा असेसमेंट उतारा काढा आणि त्यावर क्षेत्रफळ ५१.१०, करयोग्य मूल्य ८,९१०, मागील थकबाकी शून्य आणि शास्ती शून्य हे चारही आकडे तपासा. नाव तुमचं लागलंय का तेही त्याच उताऱ्यावर दिसेल. येत्या एप्रिलचं बिल आलं की पैसे भरायच्या आधी क्षेत्रफळाचा रकाना परत बघा, आणि तिथे ७४.३२ दिसलं तर आदेशाची झेरॉक्स लावून त्याच आठवड्यात अर्ज द्या.